पंचमचक्र: काळी चारचे शेजारी आणि तिची रिलेटिव्ह मायनर

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात हार्मोनिअम वाजवतो आणि गणेशोत्सवात एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड सांभाळतो. तिथली मंडळी ‘सर्कल ऑफ फिफ्थ्स’चे चित्र दाखवतात. त्यातले शार्प-फ्लॅट कुठून येतात, कोणती पट्टी कोणाची शेजारीण आणि मेजरवरून मायनर कशी शोधायची, हे काळी-पांढरीच्या भाषेत सांगाल का? आमची गायिका बहुतेक गाणी काळी चारमध्ये गाते.

उत्तर:

हे चित्र पाठ करू नका. हार्मोनिअम पुढ्यात घेऊन ते एकदा स्वतः तयार करा. त्यासाठी लागणारे सगळे ज्ञान आपल्यापाशी आहे, कारण हे चक्र म्हणजे षड्ज-पंचम भावाची एक लांबलचक साखळी आहे.

पांढरी एकला सा धरून बिलावल वाजवा. सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, म्हणून सी मेजरच्या पाटीवर, म्हणजे स्वरलिपीच्या सुरुवातीला पट्टीचे शार्प-फ्लॅट लिहितात त्या जागी, एकही शार्प किंवा फ्लॅट नसतो. आता या सप्तकाचा पंचम, म्हणजे पांढरी पाच, हाच नवा सा माना आणि तिथून पुन्हा बिलावल वाजवा. सा, रे, ग, म, प, ध इथपर्यंत पांढऱ्या पट्ट्याच पुरतात. नी मात्र पांढरी चारवर कोमल लागतो. तो शुद्ध हवा असेल तर बोट काळी तीनवर न्यावे लागते. सात स्वरांपैकी सहा तसेच राहिले आणि एकच बदलला. जी मेजरच्या पाटीवर जो एकुलता एक शार्प, एफ शार्प, लिहिलेला असतो तो हाच.

हा बदल नेमका एकाच स्वराचा का होतो, हे समजले की बाकीचे चक्र आपोआप उलगडते. बिलावलचे दोन अर्धे भाग पाहा: सा-रे-ग-म आणि प-ध-नी-सां. दोन्ही भागांतली अंतरे अगदी सारखी आहेत: पूर्ण स्वर, पूर्ण स्वर, अर्धा स्वर. पंचमाला सा केले की जुना उत्तरांग नव्या सप्तकाचा पूर्वांग होतो आणि त्यात काही बदलावे लागत नाही. नवा उत्तरांग जुन्या रे-ग-म-प या स्वरांतून घ्यायचा असतो. त्यात रे ते ग पूर्ण स्वर आहे ते ठीक, पण ग ते म अर्धा स्वर आहे आणि तिथे पूर्ण हवा. म्हणून जुना मध्यम तीव्र करावा लागतो, आणि तो तीव्र मध्यम नव्या सप्तकाचा निषाद होतो. प्रत्येक पायरीला हेच घडते: जुना म तीव्र होतो आणि नवा नी म्हणून बसतो.

आता पांढरी पाचचा पंचम पांढरी दोन. तिथे गेल्यावर काळी तीन कायम राहते आणि जी मेजरचा मध्यम, म्हणजे पांढरी एक, तीव्र होऊन काळी एक होते. म्हणून डी मेजरला दोन शार्प: एफ आणि सी. पुढे पांढरी सहा म्हणजे ए मेजरला तीन, पांढरी तीन म्हणजे ई मेजरला चार, पांढरी सात म्हणजे बी मेजरला पाच आणि काळी तीन म्हणजे एफ शार्प मेजरला सहा. आधीचे शार्प पुसले जात नाहीत, प्रत्येक पायरीला एकाची भर पडते, म्हणून पाटीवर ते नेहमी एकाच क्रमाने लिहिलेले दिसतात: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. हा क्रमही पंचमांचाच आहे.

उलट्या दिशेने मध्यमाकडे चला. पांढरी एकचा मध्यम पांढरी चार. तिला सा केले की तिथला म पांढरी सातवर येतो आणि तो तीव्र लागतो. तो शुद्ध करण्यासाठी काळी पाचवर उतरावे लागते. म्हणजे या दिशेला जुना नी कोमल होतो आणि नव्या सप्तकाचा म बनतो. एफ मेजरला एक फ्लॅट, बी फ्लॅट मेजरला दोन, ई फ्लॅटला तीन, ए फ्लॅटला चार, डी फ्लॅटला पाच आणि जी फ्लॅटला सहा. फ्लॅटचा क्रम शार्पच्या बरोबर उलटा: बी, ई, ए, डी, जी, सी, एफ.

वर सी, उजव्या हाताला पंचमांची वाट, डाव्या हाताला मध्यमांची वाट, आणि दोन्ही वाटा खाली काळी तीनवर मिळतात, जिथे सहा शार्पांची एफ शार्प मेजर आणि सहा फ्लॅटांची जी फ्लॅट मेजर या एकाच पट्टीची दोन नावे आहेत. चित्र एवढेच आहे.

पाटी वाचण्याची रीतही यातूनच निघते. शार्प असतील तर शेवटचा शार्प हा नी असतो, म्हणून त्याच्या अर्धा स्वर वर मेजरचा सा सापडतो. फ्लॅट असतील तर शेवटचा फ्लॅट हा म असतो, आणि त्याच्या आधी लिहिलेला फ्लॅट थेट सा दाखवतो. चार फ्लॅट बी, ई, ए, डी या क्रमाने लिहिले असतील तर शेवटून दुसरा ए फ्लॅट, म्हणून ती ए फ्लॅट मेजर, आपल्या गायिकेची काळी चार. एकच फ्लॅट असेल तेव्हा आधीचा फ्लॅट नसतो. ती एफ मेजर, एवढे लक्षात ठेवावे लागते.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात हार्मोनिअमवरून कीबोर्डवर आलेले बहुतेक विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात. मोबाइलच्या ट्यूनरवर किंवा कीबोर्डच्या पडद्यावर काळी चार पुष्कळदा G# अशी दिसते. तेवढ्यावरून विद्यार्थी पट्टीला ‘जी शार्प मेजर’ म्हणतात आणि मग चक्रात ती शोधत बसतात. ती तिथे सापडत नाही. बिलावलमध्ये सात स्वरांना सात वेगवेगळी अक्षरे मिळाली पाहिजेत, कारण पाटीवर प्रत्येक अक्षराची एकच जागा असते. जी शार्पपासून अक्षरे मोजत गेलात तर जी, ए, बी, सी, डी, ई हे सहाही शार्प होतात आणि निषादासाठी एफला दोनदा शार्प करावा लागतो. एकूण आठ शार्प होतात, आणि तशी पाटी व्यवहारात लिहीत नाहीत. तीच पट्टी ए फ्लॅट म्हणून लिहिली की चार फ्लॅटांत काम होते. याच कारणाने मेजरसाठी काळी दोनला ई फ्लॅट, काळी पाचला बी फ्लॅट आणि काळी एकला बहुतेक वेळा डी फ्लॅट म्हणतात. मायनरच्या बाबतीत मात्र हिशेब फिरतो: काळी चारची मायनर जी शार्प मायनर म्हणूनच सोपी पडते, तिला पाच शार्प लागतात आणि ए फ्लॅट मायनर म्हटले तर सात फ्लॅट. म्हणून पट्टीचे नाव ठरवण्याआधी मेजर की मायनर, हे विचारून घ्यावे.

आता मायनरकडे येऊ. रिलेटिव्ह मायनर म्हणजे तेच सात स्वर, पण सा दुसरीकडे. हे आपल्याला मूर्च्छनेमुळे नवे नाही. बिलावलच्या धैवताला सा मानून तेच स्वर क्रमाने वाजवले की आसावरी थाटाचे स्वर मिळतात: रे शुद्ध, ग, ध, नी कोमल. पाश्चात्त्य पद्धतीत त्यालाच नॅचरल मायनर म्हणतात. म्हणून नियम एका ओळीचा आहे: मेजरचा ध हा तिच्या रिलेटिव्ह मायनरचा सा. पांढरी एकचा ध पांढरी सहा, म्हणून सी मेजरची जोडीदार ए मायनर.

काळी चारवर हे करून पाहू. सा काळी चार, रे काळी पाच, ग पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच. धैवत पांढरी चारवर आला, म्हणजे ए फ्लॅट मेजरची रिलेटिव्ह मायनर एफ मायनर. पाटी तीच, चार फ्लॅटांची. ताळा तीन प्रकारे करता येतो. सापासून तीन अर्धे स्वर खाली उतरा: काळी चारवरून पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. अक्षरे पाहा: ए वरून दोन अक्षरे मागे, जी आणि मग एफ, म्हणून नाव एफ आणि त्याच पट्टीचे दुसरे नाव ई शार्प इथे चालणार नाही. आणि चक्रावर उजवीकडे तीन घरे मोजा: ए फ्लॅट, ई फ्लॅट, बी फ्लॅट, एफ. तिन्ही वाटांनी एकच उत्तर आले पाहिजे. येत नसेल तर बहुधा अर्धे स्वर मोजताना सुरुवातीची पट्टीच एक म्हणून मोजली गेलेली असते. मायनरवरून मेजर काढायची असेल तर तिच्या कोमल गंधारावर जा. एफ मायनरचा कोमल ग काळी चारवरच येतो.

सर्वांत जास्त होणारा घोटाळा म्हणजे सा तोच ठेवून मायनर करणे आणि त्याला रिलेटिव्ह म्हणणे. काळी चार मेजरवरून काळी चारचीच मायनर केली तर ग, ध, नी असे तीन स्वर बदलतात आणि चक्रावर आपण डावीकडे तीन घरे सरकतो. चार फ्लॅटांचे सात होतात. तिला पॅरलल मायनर म्हणतात. गाण्याचा अंतरा ‘मायनरमध्ये जातो’ असे कोणी सांगितले तर सा हलला का, एवढे एकच ऐका. सा जागचा हलला नसेल आणि गंधार कोमल झाला असेल तर ती पॅरलल. स्वर तेच राहून ठेहराव धैवतावर गेला असेल तर ती रिलेटिव्ह.

पाटी पाहून मात्र मेजर आणि तिची रिलेटिव्ह मायनर यांतली कोणती आहे, हे कळत नाही, कारण पाटी दोघींची एकच. तिथे दोन खुणा पाहाव्यात. पहिली, शेवटचा बास स्वर कुठे थांबतो. दुसरी जास्त भरवशाची: मायनरमध्ये सावर परतताना निषाद पुष्कळदा शुद्ध करतात, ज्याला हार्मोनिक मायनर म्हणतात आणि ज्याचे स्वर आपल्या कीरवाणीशी जुळतात. हा शुद्ध निषाद पाटीवर लिहीत नाहीत, तो गाण्यात त्या त्या जागी चिन्हाने दाखवतात. एफ मायनरचा शुद्ध नी पांढरी तीन, म्हणजे ई नॅचरल. मेजरच्या नजरेने पाहिले तर काळी चारचा पंचम अर्धा स्वर वर चढलेला दिसेल. चार फ्लॅटांच्या कागदावर ई समोर नॅचरलचे चिन्ह पुन्हा पुन्हा येत असेल, तर गाणे बहुधा एफ मायनरमध्ये आहे.

आता शेजार. काळी चारच्या दोन्ही बाजूंची घरे ई फ्लॅट आणि डी फ्लॅट, म्हणजे काळी दोन आणि काळी एक. या तिन्ही घरांच्या आतल्या वर्तुळात त्यांच्या मायनर लिहिलेल्या असतात: सी मायनर, एफ मायनर, बी फ्लॅट मायनर. काळी चार धरून ही सहा नावे झाली, म्हणजे तिला जवळच्या पाच पट्ट्या आहेत. आता ए फ्लॅट मेजरच्या सात स्वरांवर एकेक कॉर्ड उभी करून पाहा. सावर ए फ्लॅट मेजर, रेवर बी फ्लॅट मायनर, गवर सी मायनर, मवर डी फ्लॅट मेजर, पवर ई फ्लॅट मेजर, धवर एफ मायनर. नीवरची डिमिनिश्ड कॉर्ड सोडली तर बाकीच्या सहा कॉर्ड्स म्हणजे चक्रातली हीच सहा नावे. म्हणून गायिकेने ऐनवेळी पट्टी बदलून मागितली तरी घाबरायला नको. नव्या पट्टीवर बोट ठेवून तिच्या दोन्ही बाजूंची घरे आणि आतल्या तीन मायनर वाचल्या की साथीच्या कॉर्ड्स हाती येतात.

शेजारी जाण्याची वाटही यातच आहे. समजा ध्रुवपद काळी चारमध्ये आहे आणि अंतरा काळी दोनमध्ये न्यायचा आहे. बदलणारा स्वर एकच: काळी चारचा म, काळी एक, अर्धा स्वर चढून पांढरी दोन होतो आणि तोच काळी दोनचा नी. आधी दोन्ही घरांत सामाईक असलेली एफ मायनर किंवा सी मायनर वाजवा. ऐकणाऱ्याला अजून काही बदललेले वाटत नाही. मग बी फ्लॅटची कॉर्ड घ्या. आतापर्यंत ती मायनर होती, तिच्यात काळी एक होती. आता तिच्यात पांढरी दोन घालून ती मेजर करा आणि हवी तर वर काळी चारचा स्वर जोडून सेव्हन्थ करा. तिथून ई फ्लॅटवर उतरले की कान नव्या सावर स्थिर होतो. संक्रमण फसले असे वाटले तर नव्याण्णव टक्के वेळा कोणाच्या तरी बोटाखाली, बहुधा बासवाल्याच्या, जुनी काळी एक तशीच राहिलेली असते.

याउलट शेवटच्या कडव्याला पट्टी अर्धा स्वर चढवण्याची जी पद्धत आपल्या ऑर्केस्ट्रांत आहे, ती पाहा. काळी चारवरून पांढरी सहा बोटाला लागूनच आहे, पण चक्रावर ती शेजारीण नाही. ए फ्लॅट आणि ए मेजर यांच्या सात-सात स्वरांत फक्त दोनच पट्ट्या सामाईक आहेत, काळी चार आणि काळी एक. त्यामुळे दोघींत एकही तीन स्वरी कॉर्ड सामाईक असू शकत नाही. तिथे वाट शोधू नका. आधी एक मात्रा स्पष्ट थांबा, किंवा पांढरी सहाच्या पंचमावरची ई सेव्हन्थ कॉर्ड घ्या आणि सरळ वर जा.

आपल्या भागात मिरवणुकीला आणि लग्नकार्याला ब्रास बँड असतो, आणि ऑर्केस्ट्रात त्यांतलेच ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन वाजवणारे येतात. त्यांच्याशी बोलताना हे चक्र फार उपयोगी पडते. बी फ्लॅट ट्रम्पेटवाल्याने कागदावर सी वाचून वाजवला की बी फ्लॅट ऐकू येतो, म्हणून त्याला एक पूर्ण स्वर वर लिहून द्यावे लागते. चक्रावर ही उजवीकडे दोन घरे. ई फ्लॅट अल्टो सॅक्सोफोनला उजवीकडे तीन घरे. आपली काळी चार म्हणजे चार फ्लॅट. ट्रम्पेटवाल्यासाठी ती बी फ्लॅट मेजर, दोनच फ्लॅट. अल्टोवाल्यासाठी एफ मेजर, एकच फ्लॅट. त्यांना ती सोपी जाते. तेच गाणे गायिकेने पांढरी तीनमध्ये मागितले तर कीबोर्डला चार शार्प असतात, पण ट्रम्पेटवाल्यासमोर सहा शार्प येतात आणि अल्टोवाल्यासमोर सात, किंवा डी फ्लॅट म्हणून लिहिले तर पाच फ्लॅट. तालमीत वाद्यवाले अर्धा स्वर इकडे-तिकडे करण्याची विनंती करतात तेव्हा ते आळस करत नसतात. त्यांच्या कागदावर खरोखरच अवघड पट्टी आलेली असते.

शेवटी या चक्राच्या मर्यादा. ते पूर्ण मिटते ते फक्त समान स्वरांतरांच्या वाद्यावर. तंबोऱ्यावर लागतो तसा शुद्ध पंचम एकामागून एक बारा वेळा घेतला तर आपण सात सप्तके वरच्या सावर परत येत नाही. त्याच्या सुमारे साडेतेवीस सेंट वर पोहोचतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाव हिश्श्याने वर. कीबोर्डवर हा फरक बारा पंचमांत वाटून टाकलेला असतो, प्रत्येक पंचम साधारण दोन सेंटने उतरवलेला. म्हणून आपल्याकडची एखादी हार्मोनिअम जर एकाच पट्टीचा गंधार गोड लागावा म्हणून जवारी पाहून मिळवलेली असेल, तर तिच्यावर हे सगळे चक्र फिरून पाहताना लांबच्या घरांतल्या मेजर कॉर्ड्स बेसूर लागतील. दोष चक्राचा नाही आणि पेटी जुळवणाऱ्याचाही नाही. अभ्यासासाठी कीबोर्ड वापरा.

दुसरी मर्यादा रागांची. यमन काळी चारमध्ये वाजवला तर तीव्र मध्यमामुळे स्वर ई फ्लॅट मेजरचे, म्हणजे उजव्या घराचे होतात, आणि खमाज थाटात कोमल निषादामुळे डी फ्लॅटचे, डाव्या घराचे. सा मात्र काळी चारच राहतो. इतपत चक्र आपल्याला साथ देते. पण भैरव घ्या: रे आणि ध कोमल, ग आणि नी शुद्ध. असे स्वर एकत्र देणारी पाटी चक्रातल्या कोणत्याच घरात नाही. तिथे मेजरची पाटी लिहून ते दोन कोमल स्वर त्या त्या जागी चिन्हाने दाखवावे लागतात, आणि कॉर्ड्सही राग सांभाळून स्वतंत्रपणे निवडाव्या लागतात.